काखेतली कळी

घागरा कमरेत नीट बसला होता. चोळी दुसरीकडे शिवलेली होती. नवरीने हात वर करायला घेतले आणि ते खांद्यापर्यंतही गेले नाहीत.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तिची आई म्हणाली. "सरळ उभी राहील ती. तुम्ही घागऱ्याला अस्तर लावून तेवढी तुरपाई करून द्या, लताताई."

लताने चोळी उलटी करून पाहिली. शिवण उसवून सैल करावी, तर आत माया नखाएवढीच सोडलेली. मुंढा खोल कापला होता आणि बाही अरुंद होती.

"उद्या दिवसभर माणसं हिला मिठीत घेणार," लता म्हणाली. "सकाळी सहाला या. दोन्ही तयार असेल."

आधी अस्तर लावून झालं. घेराची तुरपाई मात्र संपता संपेना. मशीन मारली असती तर तासाभरात काम झालं असतं, पण रेशमावर ती शिवण ओढल्यासारखी दिसते. दर टाक्याला सुईवर कापडाचे एक-दोनच धागे घ्यायचे, दोरा ताणायचा नाही. दीड वाजता घेर पुरा झाला तेव्हा तिची मान आखडली होती.

मग चोळी. काखेत जोडतुकड्याची कळी घालायची, एवढं तिने कधीच ठरवलं होतं. कापड मिळालं घागऱ्याच्या नेफ्यात. आत दुमडलेली पट्टी चांगली रुंद होती. त्यातून तिने दोन चौकोन तिरके, उरेब कापले, म्हणजे हात उचलला की कापड ताणलं जाईल. जरीचे धागे कडेने लगेच सुटू लागले. ते कात्रीने न छाटता तिने कडेला गोल टाके घातले.

मग काखेतली जुनी शिवण उसवली. रेशमावर सुईची भोकं ओळीने उमटली होती. ओलसर फडकं ठेवून तिने वाफ दिली, नखाने हलके घासलं. बरीच बुजली. उरलेली कळीच्या शिवणीत गेली. कळीचं टोक जिथे बाहीला मिळतं, तिथे एक घडी पडत होती. तिने ते उसवलं. पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा आधी कच्चा टाका घातला, मशीनचं चाक हातानेच फिरवलं आणि सुई नेमकी कोपऱ्यावर थांबवली.

सहाला मायलेकी आल्या. आईने हूक लावले. नवरीने एक हात उचलला, मग दुसरा. दोन्ही सरळ डोक्यावर गेले. ती खाली बसली, उठली, गर्रकन फिरली आणि आईच्या गळ्यात पडली.

"अगं, चुरगळेल!" आई म्हणाली.

"चुरगळू दे," लता म्हणाली. "इस्त्री गरम आहे."

आई आरशाजवळ येऊन काखेत शिवण शोधत होती. "कुठे जोडलंय हो?"

लताने मुलीचा हात उचलून दाखवलं.

"ताई, तुम्ही झोपला नाहीत?" नवरीने विचारलं.

"आता झोपते. आधी चोळी काढ. डाव्या हुकाला अजून दोन टाके घालते."