प्रबंध सादर करण्यास चार महिन्यांची मुदतवाढ मिळण्याबाबत

सातारा
दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
मराठी विभाग व संशोधन केंद्र,
पुणे

द्वारा : संशोधन मार्गदर्शक, मराठी विभाग

विषय : पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याची मुदत ३० जून २०२५ ऐवजी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वाढवून मिळण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

मी जून २०१९ पासून आपल्या संशोधन केंद्रात पीएच.डी.साठी नोंदणीकृत आहे. ‘हरि नारायण आपटे यांची क्रमशः कादंबरी : साप्ताहिकातील पाठ आणि ग्रंथरूप पाठ’ हा माझा विषय. प्रबंधाच्या सहा प्रकरणांपैकी पाच लिहून झाली आहेत आणि मार्गदर्शक मॅडमनी ती तपासून परतही दिली आहेत. राहिले आहे ते चौथे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः येत होती, त्या अंकांवरचे हे प्रकरण आहे. हे मूळ अंक मला वेळेत पाहायला मिळाले नाहीत, म्हणून हा अर्ज करीत आहे.

‘करमणूक’चे नंतरच्या वर्षांचे बरेचसे अंक मला पुण्यातच पाहता आले. ‘उषःकाल’वरचे प्रकरण त्यांवरच उभे आहे. पहिल्या तीन वर्षांचे सलग म्हणता येतील असे गठ्ठे मात्र मला मुंबईतील एकाच संग्रहात आढळले. तेथे मूळ अंक पाहण्याच्या परवानगीसाठी मी ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे मुदत संपण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, अर्ज केला. नेमके हेच गठ्ठे जतन-प्रक्रियेसाठी बाहेर पाठवले आहेत, वर्षअखेरीस परत येतील, असे लेखी उत्तर आले. वर्षअखेर उलटली. पुढे पावसाळ्यात वाचनकक्षाच्या छताचे काम निघाले आणि कक्षच बंद झाला. तो उघडेपर्यंत परवानगीचे नियम बदलले होते. विभागाचे पत्र चालेना, विद्यापीठ कार्यालयाच्या सही-शिक्क्याचे हवे झाले. तेही सादर केले. अखेर प्रवेशपत्र हाती आले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये.

संग्रहाचे नाव मी या अर्जात मुद्दामच घेतलेले नाही. सोबत जोडलेल्या पत्रव्यवहारात ते आहेच. तेथील कर्मचाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. तो कागद पाहिला की त्यांची सावधगिरी पटते. पान उलटताना काठाचा तपकिरी चुरा टेबलावर पडतो, आणि घडीवर तुटलेल्या पानांना पारदर्शक जपानी कागदाची पट्टी लावलेली असते. साहजिकच एका वेळी एकच गठ्ठा मिळतो, पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते, आणि मोबाइलने फोटो काढायला मनाई आहे. कक्ष आठवड्यातून दोनच दिवस खुला असतो. जे काम फोटो मिळाले असते तर घरी बसून रात्री करता आले असते, ते तिथेच बसून हाताने उतरवून घ्यावे लागते. फेब्रुवारीपासून मी एकही खुला दिवस चुकवलेला नाही, तरी तिसऱ्या वर्षाचे अंक अजून पाहायचे आहेत.

कादंबरी पुस्तकरूपात सहज मिळते, तेव्हा या प्रकरणासाठी जुन्या अंकांचाच हट्ट कशाला, असा प्रश्न समितीत निघेल. मार्च महिन्यातल्या प्रगती-सादरीकरणात तो एका सदस्यांनी विचारलाही होता. त्याचे उत्तर इथे थोडे सविस्तर देते, कारण मुदतवाढीची गरज त्यावरच ठरते.

पुस्तक वाचणाऱ्याला यमूची कहाणी एकसंध मिळते. लहानपण, लग्न, सासरचा जाच, मुंबईतले मोकळे दिवस, वैधव्य आणि केशवपन हे सगळे तो त्याच्या सोयीने वाचतो, नको वाटले तर मिटून ठेवतो. ‘करमणूक’च्या वाचकाला ती हप्त्याहप्त्याने मिळत होती आणि पुढे काय झाले हे कळायला त्याला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत होती. तेव्हा हप्ता कुठे तोडला आहे, तोडताना यमूच्या तोंडी कोणते वाक्य आहे, नव्या हप्त्याच्या आरंभी मागची आठवण करून दिली आहे का, दिली असल्यास पुस्तक करताना ती गाळली का, हे प्रश्न अंक समोर असल्याशिवाय सुटत नाहीत. पुस्तकातली प्रकरणांची विभागणी आणि अंकांतले हप्ते एकमेकांशी जुळतात असे गृहीत धरून आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. माझे प्रकरण नेमके तेच गृहीत तपासते आहे. पुस्तकावरून ते लिहायचे तर जे सिद्ध करायचे तेच आधी मान्य करून बसल्यासारखे होईल.

दुसरे कारण काळाचे आहे. संमतिवयाचे विधेयक ९ जानेवारी १८९१ रोजी मांडले गेले आणि १९ मार्च १८९१ रोजी त्याचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. त्या दोन-अडीच महिन्यांत पुण्यात रण पेटले होते. टिळक विरोधात, आगरकर बाजूने, सभा आणि पत्रके रोजची. त्याच शहरातून निघणाऱ्या साप्ताहिकात, त्याच आठवड्यांत, बालपणी लग्न झालेली एक मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगत होती. कादंबरीवर या वादाची छाया आहे हे सर्वांनीच म्हटले आहे. पण जानेवारी ते मार्च १८९१ च्या अंकांत यमूच्या हप्त्याशेजारी काय छापले होते, संपादकाने वादाचा उल्लेख केला की कादंबरीलाच बोलू दिले, हे पान पाहूनच सांगता येते. या तीन महिन्यांचे अंक मी एप्रिलमध्ये पूर्ण उतरवून घेतले आहेत. त्यांतून काय निघते ते प्रकरणातच मांडीन; एवढेच सांगते की, मॅडमनी टिपणे वाचून प्रकरणाची मांडणी बदलायला सांगितली आहे, आणि ती सूचना मला मनापासून पटली आहे.

पर्यायही तपासले. सूक्ष्मपटाची एक प्रत उपलब्ध आहे, पण तिच्यात वेष्टने आणि जाहिरातींची पाने घेतलेली नाहीत आणि काही पानांवर बांधणीच्या घडीतले शब्द काळे पडले आहेत. पाठभेदाच्या कामात घडीतला एक शब्दही सोडून चालत नाही. शिवाय बांधणी करताना कडा कापल्यामुळे मूळ गठ्ठ्यांतही काही अंकांच्या तारखा अर्ध्याच उरल्या आहेत. त्या आधीच्या-नंतरच्या अंकांवरून लावून घ्याव्या लागतात. चौथे प्रकरण वगळून पाच प्रकरणांचा प्रबंध सादर करावा का, याचाही आम्ही विचार केला. पण ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून आली आणि ‘उषःकाल’ १८९५ पासून ‘करमणूक’मधून. लेखक दुसऱ्याच्या पत्रात लिहिणारा होता तो स्वतःच संपादक झाला, हा बदल या दोहोंच्या मधल्या कादंबरीत घडतो. ती काढली तर प्रबंधाला कणाच राहत नाही.

मुदतवाढ मिळाल्यास कामाचा क्रम असा राहील. तिसऱ्या वर्षाचे अंक जूनअखेर उतरवून होतील. ग्रंथाच्या आवृत्तीशी ताडून पाहण्याचे काम दोन वर्षांपुरते आधीच सुरू आहे, ते जुलैत संपेल. ऑगस्टमध्ये प्रकरणाचे लेखन. सप्टेंबर मॅडमच्या तपासणीसाठी आणि उपसंहारात त्याप्रमाणे करावयाच्या दुरुस्त्यांसाठी ठेवला आहे. सादरीकरणपूर्व चर्चासत्र आणि साहित्यचौर्य-तपासणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि त्या सुमारास कार्यालय बंद असते, म्हणून बांधणी व शुल्काचे काम त्याआधी उरकण्याचा बेत आहे. पाऊस लागून संग्रहाचा कक्ष पुन्हा बंद झाला तरच हा क्रम बिघडेल. तसे झाल्यास जुलैअखेर जेवढे अंक पाहून झाले असतील तेवढ्यावर प्रकरण पूर्ण करायचे आणि मर्यादा प्रस्तावनेत नोंदवायची, असे मॅडमशी बोलून ठरवले आहे. पुन्हा मुदत मागण्याची वेळ मी येऊ देणार नाही.

नियमांविषयी थोडेसे. माझी नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांखालील असून त्यांत महिला उमेदवारांना सहा वर्षांच्या कमाल मुदतीत दोन वर्षांपर्यंत सवलत देता येते. मला त्यातले चारच महिने हवे आहेत. विनियमांनुसार लागणारा संशोधन-पत्रिकेतील लेख प्रसिद्ध झाला आहे आणि परिषदांतील दोन निबंधांचे वाचनही झाले आहे, त्यामुळे त्या बाबतीत काही शिल्लक नाही. माझी अधिछात्रवृत्ती यापूर्वीच संपली असून या अर्जामुळे कोणतीही आर्थिक मागणी उद्भवत नाही. साताऱ्यात मी तासिका तत्त्वावर शिकवते, पण ते या विलंबाचे कारण नाही. प्राचार्यांनी माझे तास संग्रहाच्या खुल्या दिवसांना अडणार नाहीत असे लावून दिले आहेत.

एक विनंती वेगळी करते. संशोधन सल्लागार समितीची पुढची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे असे कार्यालयातून समजले. त्या बैठकीत हा अर्ज यावा. तो जुलैवर गेला तर तोवर ३० जूनची मुदत उलटलेली असेल आणि प्रश्न मुदतवाढीचा न राहता पुनर्नोंदणीचा होईल; मग माझ्यापेक्षा कार्यालयाचीच धावपळ जास्त. समितीने बोलावल्यास मी उतरवून घेतलेल्या अंकांच्या वह्या घेऊन हजर राहीन. तिसऱ्या वहीत जानेवारी ते मार्च १८९१ चे हप्ते आहेत, समितीने निदान ती चाळावी असे मला वाटते.

तरी प्रबंध सादर करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,

मनीषा शेलार
पीएच.डी. संशोधक विद्यार्थिनी, मराठी विभाग

सोबत : ऑगस्ट २०२३ च्या अर्जाची पोच, जतन-प्रक्रियेविषयी संग्रहाचे पत्र, वाचनकक्ष बंद असल्याची सूचना, फेब्रुवारी २०२५ चे प्रवेशपत्र, पाच प्रकरणे तपासून झाल्याबाबत मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, मार्च २०२५ चा प्रगती अहवाल.

प्रत माहितीसाठी : पीएच.डी. विभाग, विद्यापीठ कार्यालय