टप्, टिंग, डुबुक!

ही गोष्ट मी आधी अशी सांगायचे: "कोकणात एक घर होतं. एका रात्री खूप पाऊस पडला आणि घर गळू लागलं. आजीने गळतीखाली भांडी ठेवली. नातीला झोप येत नव्हती. मग पाऊस थांबला आणि ती झोपली."

माझा चार वर्षांचा मुलगा ऐकून कूस बदलायचा. "मग?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. आणि विचारणार तरी कसं? पावसाची गोष्ट आणि पाऊस वाजतच नव्हता! म्हणून ती पुन्हा लिहिली. आवाज तोंडाने काढायचे, टिंबं दिसली की खरंच थांबायचं.

*

गुहागरला, नारळीच्या वाडीत, एक कौलारू घर. घरात आजी. आजीच्या कुशीत मनू. मनूच्या पायाशी बोकोबा.

मे महिन्यात वानरं आली होती, आंबे खायला. कौलांवरून धुडुम! धाडाम! एक कौल सरकलं इकडे, एक सरकलं तिकडे. आजी म्हणाली, "पावसाआधी घर शाकारून घ्यायला हवं."

शाकारायला काका येणार होते सोमवारी. आणि रविवारी रात्री कोण आलं?

गुड् गुड् गुड्... गडाड्गुडुम! धो धो धो धो! पाऊस आला!

मनूने डोळे मिटले. झोपली का?

छे! नाकावर... टप्!

"आज्जी, नाकावर टप्!"

आजी उठली, लुटुलुटु गेली, लुटुलुटु आली, टोप ठेवला. "टोपात टप्. आता झोप गो बाय."

मनूने डोळे मिटले. झोपली का?

छे! कानावर... टिप्!

"आज्जी, कानावर टिप्!"

आजी उठली, लुटुलुटु गेली, लुटुलुटु आली, तांब्या ठेवला. "तांब्यात टिंग, टोपात टप्. आता झोप गो बाय."

मनूने डोळे मिटले. झोपली का?

छे! पोटावर... टपाक्!

"आज्जी, पोटावर टपाक्!"

आजी उठली, लुटुलुटु गेली. या वेळी आली मात्र हळूहळू, कारण घंगाळ होतं पितळेचं, हे एवढं जड! हुश्श! "घंगाळात टण्ण, तांब्यात टिंग, टोपात टप्. आता झोप गो बाय."

मनूने डोळे मिटले. झोपली का?

मनू झोपलीच असती. पण बोकोबाच्या शेपटीवर... पचाक्!

म्याँऽऽव! बोकोबा उडाला थेट फडताळावर! वरून डबा पडला. खण खण खण खण... खण्ण! आणि डबा थांबला कुठे? बरोबर गळतीखाली.

"शाब्बास बोकोबा," आजी म्हणाली. "माझी एक फेरी वाचली."

मग सगळे ऐकत पडले.

टप् टिंग टण्ण खण्ण.
टप् टिंग टण्ण खण्ण.
टप् टिंग टण्ण...

डरांव!

आँ? डरांव कुठलं?

मनूने टोपात पाहिलं. टोपात टप्. तांब्यात पाहिलं. तांब्यात टिंग. डब्यात पाहिलं. डब्यात खण्ण. घंगाळात पाहिलं आणि घंगाळातून दोन गोल गोल डोळ्यांनी मनूकडे पाहिलं.

"आज्जी! आज्जी! बेडूक गळला!"

आजी इतकी हसली, इतकी हसली, की गोधडी गदगदा हलली.

"राहू दे त्याला. त्याचंही घर गळत असेल."

आता भांडी भरत आली होती. भरलेलं भांडं वेगळं वाजतं. टोप म्हणाला टुप्. तांब्या म्हणाला टुंग. डबा म्हणाला डुब्. बेडूक म्हणाला डरांव.

टुप् टुंग डुब् डरांव.
टुप्... टुंग... डुब्... डरांव.
टुप्... ... टुंग... ...

आणि पाऊस थांबला.

टप् नाही. टिंग नाही. काही नाही.

आता झोपली का मनू?

छे! टक्क जागी! आजी टक्क जागी. बोकोबा टक्क जागा. घंगाळात बेडूकसुद्धा टक्क जागा.

"आज्जी, पाऊस का थांबला? मला झोप येत नाही."

आजी उठली नाही. लुटुलुटु गेली नाही. गोधडीतून तिने फक्त हात काढला, उबदार, सुरकुत्यांचा, आणि ठेवला मनूच्या पाठीवर.

थप्.
थप्... थप्...
थप्... ... थप्...

मनूने डोळे मिटले. बोकोबाने डोळे मिटले. घंगाळात कुणीतरी हळूच म्हणालं, डुबुक.

थप्... ... ...

झोपली का?

श्श्श.