कांदा साठवणूक परिषद, नाशिक: आभार, आणि अभिप्रायासाठी पाच मिनिटं

नमस्कार मंडळी,

शनिवार-रविवारी (७ व ८ फेब्रुवारी) नाशिकला झालेल्या परिषदेला आपण आलात, मनापासून आभार. शेतात उन्हाळ कांद्याला पाणी, खत, फवारणी सगळंच चालू असताना दोन दिवस काढणं सोपं नसतं. येवला, चांदवड, सटाणा, कळवणहून पहाटे निघून आलेले अनेकजण पहिल्या सत्राला वेळेवर हजर होते. नाशिकचेच काही उशिरा आले, ते असो.

राहुरी आणि राजगुरुनगरहून आलेल्या शास्त्रज्ञांचे विशेष आभार. काढणीआधी पाणी कधी तोडायचं, पातीसकट कांदा शेतात कसा सुकवायचा, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवूनच का कापायची, हे त्यांनी तक्त्यांपेक्षा नमुन्याचे कांदे चिरून दाखवलं, म्हणून ते लक्षात राहिलं. नत्र उशिरा दिलं की कांदा दिसायला टपोरा होतो, पण चाळीत टिकत नाही, या मुद्द्यावर तर चहाची सुट्टीसुद्धा वादातच गेली. स्वतःच्या चाळीचा हिशोब, सडीसकट, सगळ्यांसमोर मांडणाऱ्या शेतकरी वक्त्यांचं ऋण वेगळंच. नुकसानीचे आकडे असे उघडपणे सांगायला धाडस लागतं.

सभागृहातल्या कर्मचाऱ्यांना हा मेल मुद्दाम पाठवत आहोत. शनिवारी दुपारी वीज गेली, तर माईक परत सुरू होईपर्यंत वक्त्याला थांबावंही लागलं नाही, इतक्या चटकन जनरेटर लागला. सफाई करणाऱ्या ताई, पार्किंग सांभाळणारे दादा आणि पिठलं-भाकरीची पंगत गरम ठेवणारे स्वयंपाकघरातले सगळे, तुमच्यामुळे आम्हाला निवांत बसून ऐकता आलं.

आता एक काम. खालच्या दुव्यावर छोटा अर्ज आहे, मोबाईलवरही भरता येतो, नाव लिहिणं ऐच्छिक आहे:

https://kandaparishad.example/abhipray

रविवार, १५ फेब्रुवारीच्या रात्रीपर्यंत भरा. सगळे प्रश्न सोडले तरी चालतील, पण शेवटचे दोन सोडू नका: यंदाच्या काढणीत तुम्ही नेमकं काय बदलणार, आणि कोणतं सत्र वेळखाऊ वाटलं. दुसऱ्याचं उत्तर स्पष्ट लिहा, कोणाला वाईट वाटणार नाही. चाळी रिकाम्या होतात त्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा बसायचा विचार आहे. तेव्हाचे विषय याच उत्तरांवरून ठरतील.

वक्त्यांची सादरीकरणं आणि चाळीचे आराखडे अर्ज भरल्यावर त्याच पानावर उतरवून घेता येतील. ज्यांना अर्ज भरणं जमत नाही, त्यांनी या मेललाच उत्तर म्हणून चार ओळी लिहिल्या तरी पुरे.

आपली,
संयोजन समिती
कांदा साठवणूक परिषद, नाशिक

ता. क. नोंदणीच्या टेबलावर एक चष्मा, दोन चार्जर आणि कांद्याच्या बियाण्याची एक पिशवी राहिली आहे. पिशवीवर वाणाचं नाव नाही, त्यामुळे मालकाने ते सांगूनच ती घेऊन जावी.