टेबलाचा खालचा खण

नारायण पेठेतल्या त्या वाड्यात मी २०२४ च्या जूनमध्ये राहायला गेलो. माडीवरची एक खोली, भाडं साडेचार हजार, संडास खाली चौकात, पाणी सकाळी सहा ते आठ. करमाळ्याहून आणलेली वळकटी आणि पुस्तकांचं खोकं ठेवलं की खोली भरलीच. खाट आणि टेबल मालकांचं. टेबलाला दोन खण. वरचा उघडला, खालचा पावसाळी हवेने फुगून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती घासून, पाय लावून तो ओढला. आत तळाला जुना पेपर अंथरलेला, त्याखाली फुलस्केपचा घडी घातलेला कागद. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण वरच्या ओळीत ‘ती. अप्पांस’ दिसलं आणि मी खाटेवर बसलो.

‘ती. अप्पांस सा. न.

मी उद्या पहाटे गावी निघतोय. तीन महिन्यांचं भाडं थकलंय, ते डिपॉझिटमधून कापून घ्या. तुमचं त्यात काही चुकलं नाही. पण एक उधारी डिपॉझिटमध्ये बसत नाही, ती सांगितल्याशिवाय जाववत नाही. मेस बंद झाली तेव्हा माझ्याकडे बिस्किटांचे चार पुडे होते. पाडव्याला दुपारी दाराशी डबा दिसला. काकू म्हणाल्या, जास्तीचं झालं होतं. मग रोजच जास्तीचं होत गेलं. तुम्ही आडवे झालात की त्या जिना चढायच्या, आणि कडी न वाजवता डबा ठेवून जायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. मी मागे हिशेब लिहिलाय. पहिला पगार झाला की चुकता करीन. तोवर काकूंना काही बोलू नका. त्यांनी माझ्यासाठी’

इथे पत्र थांबलेलं. पुढची ओळ लिहून इतकी खोडली होती की कागद फाटला होता. खाली तारीख, ११ जून २०२०, आणि नाव, प्रदीप.

कागद उलटला. मागे बारीक अक्षरात तारखा.

‘२५ मार्च, पाडवा. पुरी, श्रीखंड. २६. पिठलं, भाकरी. २७. आमटी-भात. २८. दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी.’

असं पानभर. काही ठिकाणी नुसतंच ‘भात’. एकही दिवस सुटलेला नव्हता.

काकूंचा फोटो मी खोली बघायला आलो तेव्हाच खालच्या ओटीवर पाहिला होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, असं अप्पाच म्हणाले होते. म्हणजे ‘काही बोलू नका’ याची भीती आता उरली नव्हती. तरी मी चार दिवस पत्र पुस्तकात ठेवून अभ्यासिकेत नेत राहिलो. अप्पा कडक माणूस. वर येऊन नळ नीट बंद केलाय का ते बघणारे. पण पत्रावर नाव त्यांचं होतं, माझं नव्हतं.

पाचव्या दिवशी भाडं द्यायला गेलो तेव्हा दिलं. त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही. “तूच वाच,” म्हणाले.

मी वाचलं. ते पानाची सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“डिपॉझिट बारा हजार होतं,” ते म्हणाले. “साडेदहा कापले. दीड हजार त्याच्या हातावर ठेवले. तो पाया पडला. मला वाटलं, भाडं बुडवायचा होता, कापलं म्हणून नरमला.”

मग म्हणाले, “मागे काय लिहिलंय?”

मी यादी वाचू लागलो. एप्रिल निम्मा झाला. तोंडल्याची भाजी, मुगाची खिचडी, ताकातली भाकरी. ते मान हलवत होते, जणू एकेक जेवण आठवून पाहत होते.

“२६ एप्रिल, अक्षय्य तृतीया. पोळ्या, आमरस, अर्धी वाटी.”

“थांब.”

ते बराच वेळ चौकातल्या तुळशीकडे बघत राहिले.

“आंबे मिळत नव्हते तेव्हा. कोपऱ्यावरच्याने दोन दिले होते. एवढासा रस निघाला. माझ्या वाटीत वाढला तिने. मी म्हटलं, तुझा? तर म्हणाली, मला आंब्याने घशाला होतं. पन्नास वर्षांत कधी झालं नव्हतं.” अडकित्ता त्यांनी पानाच्या डब्यात ठेवला. “दुपारी भूकच लागत नाही म्हणायची. मी म्हणायचो, वय झालं तुझं.”

मी कागदाची घडी घालायला लागलो तसा त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं.

“पाडव्यापासून परत वाच,” ते म्हणाले. “सावकाश. तारखांसकट.”