रिता कटोरा

देहू सोडताना तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते. त्या विसाव्यात बसून म्हणायला ही कव्वाली बांधली आहे. देहूत सांगतात, या फकिराचा कटोरा कुणाच्याही दानाने भरत नसे. तो भरला तुकोबांच्या दारात, त्यांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने. गाणारा इथे तो फकीर आहे, समोर तुकोबा आहेत. आठ मात्रांचा केरवा, पट्टी काळी दोन. कंसातलं म्हणायचं नाही.

(फक्त पेटी. ताल नाही. एकट्याने, सावकाश)

गल्लीगल्लीत हाक दिली मी, उंबरे झिजवत आलो
भरल्या घरच्या ओसरीवरून रिताच परत निघालो

कुणी ओतली पायली, कुणी रिचवली रास
तळ कटोऱ्याचा माझ्या तसाच राही उदास
मोजून दिलेल्या दाण्याला मोजणीचाच वास

(आवाज खाली आणून)

मग इंद्रायणीच्या काठी एक दार उघडं होतं
जात्याच्या पाळीला चिकटलेलं पीठ तेवढं होतं

पीठ तेवढं होतं, बाबा…
तेवढंच होतं…
पण तेवढंच हवं होतं!

(ढोलक उठते. टाळ्या सुरू)

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

(साथीदार)
भरला माझा, भरला माझा, रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

सोनं पडलं, रूपं पडलं, तळ झाकेना
दान दिलं पण मान पाहिला, मन लागेना
देणाऱ्याच्या ताठ मनगटी वरवर तोरा

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

दुष्काळाने दुकान बुडले, ढोरे गेली
कर्जखतांची पाने सारी डोहात दिली
तरी बरसला मेघ होउनी या मनमोरा

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

(इथे थांबून, बोलल्यासारखं. ढोलक हलकं)

अहो, ज्याच्या घरात काहीच नव्हतं, त्याच्याच घरी भरला!
ज्याने येणं असलेली खतं नदीत सोडली, त्याच्याच घरी भरला!
घरधनी भजनात होता, आणि पोर पीठ घेऊन आली. ओंजळ नाही. मूठ नाही. दोन बोटं आणि अंगठा. इतकंच मावतं त्यात…

पोर धाकटी धावत आली, हात न भरले
चिमटीमधुनी पीठ जरासे खाली झरले

(हीच ओळ तीनदा, दर वेळी आणखी हळू)

चिमटीमधुनी पीठ जरासे खाली झरले
पीठ जरासे… खाली झरले
जरासे… जरासे… जरासे…

(एकदम उसळून)

चंद्र ओंजळी यावा तैसा तृप्त चकोरा!

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

(सवाल-जवाब. मुख्य गायक विचारतो, साथीदार टाळीवर उत्तर देतात)

पुण्यात फिरलो? — रिता!
पेठेत बसलो? — रिता!
वाड्यात शिरलो? — रिता रिता!
सराफ भेटला? — रिता!
सरदार भेटला? — रिता!
दिवाण भेटला? — रिता रिता!
पायली ओतली? — रिता!
पोतं ओतलं? — रिता!
कोठार ओतलं? — रिता रिता!

आणि देहूत आलो?
— भरला!
उंबऱ्याशी थांबलो?
— भरला!
चिमूट पडली?
— भरला भरला!
कुणाच्या दारी?
— तुझ्याच दारी!
कुणाच्या दारी?
— तुझ्याच दारी!
अरे कुणाच्या, कुणाच्या, कुणाच्या दारी?
— तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा!

(लय एक पायरी वर)

माझ्या शापे जळले कोणी, आग विझेना
तुझिया शब्दे शांत निवाले, दाह उरेना
सुटला माझ्या अहंपणाचा पिळला दोरा

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

वह्या बुडाल्या, अक्षर त्यांचे पण ना भिजले
तेरा रात्री शिळेवरी तू, डोळे थिजले
तुझी अक्षरे उमटव आता, मीही कोरा

(‘मीही कोरा’वर सगळ्यांनी तळहात उघडून पुढे करायचे)

मीही कोरा, मीही कोरा, उमटव आता
मीही कोरा, मीही कोरा, उमटव आता
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

पायरीवरी चोखा बसला, सेना आला
शेख महंमद श्रीगोंद्याचा संगे झाला
माती तुडवित नाचत आला तेरचा गोरा

तुझ्याच दारी भरला त्यांचा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला यांचा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

(आता एकेक शब्द धरायचा. श्रोत्यांची साथ मिळेल तितक्या वेळा घोळवावा, घाई करू नये)

तुझ्याच, तुझ्याच, तुझ्याच दारी
राजाच्या नाही, तुझ्याच दारी
शेटजीच्या नाही, तुझ्याच दारी
मशिदीत हाक दिली, ऐकली तुझ्या दारी
राउळात हाक दिली, ऐकली तुझ्या दारी
दारी दारी दारी, तुझ्याच दारी

भरला, भरला, भरला माझा
पिठाने नाही, प्रेमाने भरला
मापाने नाही, नामाने भरला
मौलाने भरला, विठ्ठलाने भरला
कुणी भरला ते पुसू नका हो, भरला भरला
भरला भरला, काठाला आला
भरला भरला, काठाबाहेर
भरला भरला, सांडत गेला
वाटेवर सांडला, वाळूत सांडला
टाळात सांडला, चिपळीत सांडला
माझ्या डोळ्यांत सांडला, तुमच्या डोळ्यांत सांडला
भरला भरला भरला भरला भरला भरला

(सगळे, पूर्ण लयीत, टाळ्या दुप्पट)

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा

(ढोलक तोडून. मुख्य गायक एकटा)

आता हातात बघतो तर, बाबा…
कटोराच दिसत नाही.
काठ गेला. तळ गेला. धरणारा हात गेला.

(पेटीचा एकच सूर धरून. दर ओळीला एक शब्द गळतो)

तुझ्याच दारी भरला माझा रिता कटोरा
तुझ्याच दारी भरला माझा रिता
तुझ्याच दारी भरला माझा
तुझ्याच दारी भरला
तुझ्याच दारी
तुझ्याच
तू
तू
तू

(पालखी उचलेपर्यंत ‘तू’ धरून ठेवावा. वारकऱ्यांचे टाळ सुरू झाले की पेटी त्यांच्या सुरात सोडून द्यावी.)