जागल

१. साडेबारा

हरभरा निघून आठ दिवस झाले.
वावरात आता ढेकळं आणि वारा.
मचाणाच्या बल्ल्या सोडून आणल्या,
सुतळी बॉम्बची पिशवी खुंटीला टांगली,
बडवायचा डबा बायकोनं
कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतला.

तरी साडेबाराला
डोळा टक्क उघडतो
आणि कान एकटाच निघतो धुऱ्याकडे.
काही मोडलं का?
कोणी शिरलं का?

चार महिने ज्यांच्यासाठी जागलो
त्या डुकरांना कळलं, पीक निघालं.
रोह्यांनाही कळलं.
मला कळलं, पण
कानाला सांगायचं राहून गेलं.


२. चिखलातला बैल

मोबाइलमध्ये १:४७.

कूस बदलली.
तिसरीतला गुरुजी आठवला, त्याची छडी,
मग बाबाच्या तेरवीत कमी पडलेली बुंदी,
मग बहिणीच्या सासऱ्याला काय बोलायला हवं होतं
आणि मी काय बोललो,
मग ते सगळं पुन्हा, नीट, शब्द बदलून बदलून,
सतरा वर्षांपूर्वीचं भांडण
यावेळी मी जिंकलो.

मोबाइलमध्ये १:४९.

वेळ बसली आहे.
गाळात बसलेल्या बैलासारखी,
मान टाकून, चारी पाय पोटाशी घेऊन.
हाकलली, चुचकारली, शिव्या दिल्या.
हलत नाही.

मग कोण जाणे कोणी शेपटी पिरगाळली.
मी फक्त पापणी लववली
आणि ३:२०.
दीड तास कुठून गेला?
चिखलावर खूर नाही,
फाटकाची कडी जशीच्या तशी.


३. हातचा

नऊ क्विंटल कापूस. भाव सात हजार शंभर.
नऊ सत्ते त्रेसष्ट.
त्रेसष्ट हजार नऊशे.
वेचाई किलोला दहा, म्हणजे नऊ हजार गेले.
चोपन्न हजार नऊशे.
दिवसा हे गणित
एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मावतं,
आणि वरून थोडी जागा उरते.

रात्री फवारणी वजा करायला घेतो
आणि खत मध्ये येतं.
खत बाजूला सारतो
तर बोंडअळीनं खाल्लेली शेवटची वेचणी
आपला हिशोब मागत उभी राहते.
शून्यातून सात जात नाही, हातचा घ्यावा लागतो.
घेतला.
पण ठेवला कुठं?
मूठ उघडून पाहिली, नाही.
उशीखाली नाही.
पुन्हा पहिल्यापासून: नऊ सत्ते...

आणि मध्येच कोठ्यातून ऐकू येतं.
बैल रवंथ करतोय.
खालचा जबडा एकीकडे सरकतो, घासतो, परत येतो.
मग थांबतो.
घास गळ्यातून खाली उतरतो, तेवढा वेळ शांत.
मग पोटातून दुसरा गोळा वर चढतो
आणि पुन्हा जबडा.

पूर्वी एक थांबला की दुसरा चालू असायचा.
शांतता अशी कधी पडायचीच नाही.
गेल्या पोळ्यानंतर एक विकला.
आता त्या थांबण्यात
मी कान लावून पडतो,
दुसऱ्याचा घास कधी सुरू होतो म्हणून.

हातचा एक.


४. अभंग

झोप आली दारी
उभी उंबऱ्यात
बारीक हसत
बोलली ती

उघडे हे डोळे
ठेवले काऊन?
तुझीच पाहून
वाट बाई

म्हणाली, जागत्या
घरी मी ना येत
नीज तू निवांत
मग येते

असा हा करार
बँकेहून न्यारा
आधी फेड सारा
मग कर्ज


५. म्हातारीची बाज

अंगणात बाज टाकली. आत उकडतं
आणि आत घड्याळ आहे.

उत्तरेला सप्तर्षी.
आजी त्यांना ऋषी म्हणायची नाही.
वेचाईला येणाऱ्या एका गोंड बाईकडून
तिनं गोष्ट ऐकलेली:
चार तारे म्हणजे म्हातारीची बाज,
मागचे तीन म्हणजे चोर.
म्हातारीचा डोळा लागला की बाज पळवायची
म्हणून ते टपलेले.
म्हणून म्हातारी निजत नाही.

मी विचारलं होतं, चोर थकत नाहीत का?
आजी म्हणाली, "बापू, चोराले कोठची झोप?"

शाळेत नंतर सांगितलं,
तासाला पंधरा अंश, ध्रुवाभोवती.
मी दोन्ही खरं धरून चाललो.

आज पाहतोय.
दिवेलागणीला बाज उगवतीकडे उभी होती, पाय मोडल्यासारखी.
मध्यरात्री डोक्यावर पार उलटी,
पाय वर, दोऱ्या खाली,
आणि म्हातारी पडली नाही.
आता निंबाच्या पलीकडे, मावळतीला उतरतेय
आणि चोर वरच्या बाजूला.
इतक्या उशिरा
कोण कोणाच्या मागे लागलंय, नक्की सांगता येत नाही.

म्हातारे, एक विचारू?
बाज वाचवायला जागतेस,
मग त्या बाजेचा तुला उपयोग काय?


६. मालगाडी

पुलगावकडून मालगाडी येते. वारा इकडचा असला की वर्धेच्या पुलावर तिचा आवाज बदलतो, तो इथपर्यंत कळतो: रुळावर असते तोवर भरीव, पुलावर आली की पोकळ, कोणी रिकामी कोठी वाजवावी तसा. मी डबे मोजतो. डबे दिसत नाहीत, सांधे ऐकतो. एक, दोन. तेवीस. एकतीसला वाटतं, ही कालचीच गाडी, अजून पूल संपलेला नाही. चाळीसला वाटतं, मी मोजतोय म्हणून ती लांबते आहे. मोजणं थांबवलं तर ती पलीकडे जाईल, धामणगावला पोचेल, तिथला कोणी झोपलेला माणूस कुशीवर होईल. अठ्ठावन. एकोणसाठ. कुत्रं भुंकलं. त्र्याऐंशी.

एकशे बाराला लक्षात आलं,
गाडी केव्हाच गेली.
आवाज माझ्या कानशिलात होता,
आणि तोही
मोजल्याशिवाय जायला तयार नव्हता.


७. चहा

कोंबडा आरवला. शेजारच्यांनी मोटर लावली.
सडा पडल्याचा वास,
खराट्याचा आवाज, आधी लांब, मग उशाशी.
"उठा नं जी, ऊन आलं बाजेवर."

मी उठलो. डोळ्यांत वाळू.
बशीत चहा ओतला आणि सांगितलं,
रातभर डोळ्याला डोळा नाही.
साडेबारा, पावणेदोन, सव्वातीन,
सगळं ऐकलं, सगळं मोजलं.

ती हसली. पदरानं तोंड पुसलं.
"काही सांगता. रातभर घोरत व्हते तुमी.
दोनदा हलवलं म्या."

मी बशी खाली ठेवली.
घोरत होतो?
मग एकशे बारा कोणी मोजले?
म्हातारीशी कोण बोललं?

ती वैरणीचा भारा उचलून
कोठ्याकडे चालली होती.
वळून म्हणाली,
"त्या बैलाले इचारा.
थो जागा व्हता."