विद्यार्थी खाते पुन्हा सुरू करून मिळणे व ऑनलाइन अध्ययन पोर्टलचा प्रवेश मिळणे याबाबत पत्र

दि. २० जानेवारी २०२५

प्रति,
मा. संगणक समन्वयक मॅडम,
संगणक कक्ष, माध्यमिक विभाग

विषय : इयत्ता ९ वी 'ब' मधील विद्यार्थिनीचे शालेय खाते रीसेट करून मिळणे आणि पोर्टलवर नव्या तुकडीचे वर्ग दिसू लागणे याबाबत.

विद्यार्थिनी : सई, जनरल रजिस्टर क्र. ४१२७, हजेरी क्र. ३१
खात्याचे नाव : `saee.4127`

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र कागदावर पाठवते आहे याचे कारण आधी सांगते. खात्याच्या तक्रारीचा अर्ज पोर्टलच्या आत आहे, आणि आत जाता येत नाही हीच आमची तक्रार आहे. म्हणून सईच्या दप्तरातून हा जुना मार्ग धरला.

सईचे खाते १२ जानेवारीपासून बंद पडते आहे. आपण ते दोनदा रीसेट करून दिलेत, दोन्ही वेळा तासाभराच्या आत पुन्हा बंद झाले. आता तिसऱ्यांदा तीच विनंती करणे मलाच अवघड वाटत होते, म्हणून शनिवार-रविवार बसून असे का होते ते शोधले. माझ्या समजुतीप्रमाणे इथे बिघाड एक नाही, दोन आहेत. दोन्ही एकाच सुमाराला आले, त्यामुळे एकाचे खापर दुसऱ्यावर फुटत राहिले. नुसता पासवर्ड बदलून काम होणार नाही असे मला वाटते, त्यासाठीच हे पत्र जरा लांबले आहे.

मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात काम करते. तारीख-वेळ टिपून ठेवायची खोड तिथली. घडले ते असे :

गुरुवार, ९ जानेवारी. संगणकाच्या तासाला सगळ्या मुलांनी पासवर्ड बदलले, सईनेही बदलला. शुक्रवारी आणि शनिवारी घरी मेल आणि पोर्टल दोन्ही नीट चालले.

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळी खाते उघडेना. पडद्यावर एवढेच : `Your account has been locked. Contact your administrator.`

सोमवार, १३ जानेवारी. वर्गशिक्षिकांमार्फत आपल्याकडे निरोप गेला, आपण त्याच दिवशी रीसेट करून दिलेत. घरी ५.४० ला मेल उघडली. पोर्टलही उघडले, पण आत एकही विषय नाही, फक्त `You are not enrolled in any courses.` आम्ही ते वाचून काय करावे याचा विचार करतो तोवर, ५.५८ ला, खातेच बंद.

बुधवार, १५ जानेवारी. दुसऱ्यांदा रीसेट. ६.०५ ला उघडले, पोर्टल तसेच रिकामे, साडेसहाच्या आत पुन्हा तोच कुलपाचा संदेश.

या दिवसांत सईने बोलणी खाल्ली ती वेगळीच. "तूच चुकीचा पासवर्ड टाकत असशील" हे मी स्वतः तीनदा म्हटले. बुधवारी मात्र मी शेजारी बसून एकेक अक्षर पाहिले होते. तिने पासवर्ड एकदाच टाकला आणि बरोबर टाकला.

पहिल्या बिघाडाचे मूळ शनिवारी रात्री सापडले, तेही आमच्याच घरात. सईचा जुना टॅब कित्येक महिने खणात पडून होता. तिच्या आजोबांनी बुद्धिबळ खेळायला म्हणून रविवारी, १२ तारखेला, तो चार्जिंगला लावला आणि तेव्हापासून तो सुरूच आहे. शनिवारी मी तो हातात घेतला तेव्हा मेलच्या चिन्हावर लाल खूण होती. उघडून पाहिले तर आत सईचे शालेय खाते तसेच जोडलेले, जुन्या पासवर्डसकट. दर पंधरा मिनिटांनी मेल तपासायची सेटिंग. म्हणजे हा टॅब दिवसरात्र, कुणी हात न लावता, दर पंधरा मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन आपल्या दारावर धडका मारत होता. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड गेला की खाते आपोआप कुलूपबंद होते. आपण रीसेट केलेत तरी हा मोजणी पुन्हा पूर्ण करून टाकत होता. आपल्याकडच्या नोंदीत चुकीच्या प्रयत्नांच्या वेळा दिसत असतील तर त्या अशा सारख्या अंतराने, रात्री दोन-तीन वाजतासुद्धा, पडलेल्या आढळतील. सई त्या वेळी झोपलेली असते.

टॅबवरून ते खाते मी काढून टाकले आहे. घरातला संगणक आणि माझा फोन हेही पाहिले. ब्राउझरमध्ये साठवलेला जुना पासवर्ड होता, तोही पुसला. त्यामुळे या वेळी रीसेट केल्यावर खाते टिकायला हवे. हा घोळ आमच्याकडून झाला आणि आपला दोनदा वेळ गेला, त्याबद्दल दिलगीर आहे.

दुसरा बिघाड मात्र आमच्या हातातला नाही. सईने ऐच्छिक विषय बदलल्यामुळे १३ जानेवारीपासून ती 'अ' मधून 'ब' मध्ये गेली. पोर्टलवर 'ब' ची नवी यादी त्याच दिवशी चढली असावी. तिच्या वर्गमैत्रिणीने स्वतःच्या खात्यातून 'ब' च्या विज्ञान वर्गातल्या सहभागींची यादी उघडून दाखवली. त्यात आमची मुलगी आहे, पण `Sai` या नावाने, आणि खात्याचे नाव `sai.4127`. शेवटच्या भेटीच्या रकान्यात `Never`. खरेच आहे, त्या नावाने कुणी कधी आलेलेच नाही. मुलगी येते `saee.4127` या नावाने, आणि त्या नावावर 'ब' मधला एकही विषय नाही; 'अ' चे विषय तुकडी बदलताना निघाले.

'सई' हे नाव देवनागरीत दोन अक्षरांचे, चुकायला जागाच नाही. इंग्रजीत मात्र ज्याला जसे सुचेल तसे. प्रवेशाच्या वेळी मी अर्जावर Saee लिहिले होते आणि ओळखपत्रावरही तेच आहे. यादी टाइप करणाऱ्याला दोष देत नाही. लसीकरणाच्या कार्डावर तर ती Sayi आहे.

तेव्हा विनंती अशी, की `saee.4127` हेच खाते कायम ठेवून त्याचे कुलूप काढावे आणि नवा तात्पुरता पासवर्ड द्यावा. पहिल्या प्रवेशालाच तो बदलावा लागेल अशी खूण केलीत तर उत्तम. शक्य असल्यास सर्व उपकरणांवरून हे खाते एकदा बाहेर काढावे, म्हणजे माझ्या नजरेतून सुटलेले आणखी एखादे जुने यंत्र असले तर तेही गप्प होईल. खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आता बंद आहे. त्या जागी शाळेच्या रजिस्टरमध्ये आई म्हणून असलेला माझा क्रमांक घालावा. तो इथे लिहीत नाही, पत्र वर्गातून चार हातांतून येणार आहे.

पोर्टलच्या यादीत `sai.4127` च्या जागी `saee.4127` करून तिला 'ब' च्या सर्व विषयांत घ्यावे.

एक गोष्ट हात जोडून सांगते : कृपा करून जुने खाते काढून नवे बनवू नये. ते सोपे पडते हे मला कळते. पण जूनपासूनचा तिचा सगळा गृहपाठ, दोन चाचण्यांचे गुण आणि विज्ञान प्रकल्पाचा अर्धा झालेला मसुदा `saee.4127` मध्ये आहे. नव्या खात्यात यातले काहीच आपोआप येणार नाही. उलट चुकून तयार झालेले `sai.4127` हे रिकामे आहे याची खात्री करून तेच बंद करता येईल.

पासवर्ड देण्याबद्दलही थोडे. सप्टेंबरमध्ये वर्गातल्या काही मुलांचे पासवर्ड पालकांच्या ग्रुपवर यादी करून आले होते. वेळ वाचावा म्हणून कुणी टाकले असतील, पण पुढचे दोन दिवस मुले एकमेकांच्या खात्यांत शिरून गंमत करत होती. शिवाय सुरुवातीचा पासवर्ड जन्मतारखेचा असतो आणि वर्गात प्रत्येकाची जन्मतारीख प्रत्येकाला पाठ असते. म्हणून सईचा पासवर्ड ग्रुपवर किंवा वर्गात मोठ्याने न सांगता तिच्याच हातात चिठ्ठीवर द्यावा. ओळखपत्र पाहिल्याशिवाय देऊ नये. माझ्या नावाने कुणी फोन केला तरी देऊ नये.

वेळेचे म्हणाल तर विज्ञान प्रकल्प पोर्टलवर जमा करण्याची मुदत शुक्रवार, २४ जानेवारी, सायंकाळी ५ अशी आहे. गणिताची सराव चाचणी १७ तारखेला होऊन गेली, ती तिला देता आली नाही. ती पुन्हा घ्यायची की नाही हे गणिताच्या सरांच्या अखत्यारीत आहे, त्यासाठी आपल्याला गळ घालत नाही. फक्त १२ तारखेपासून खाते बंद होते आणि नव्या यादीत तिचे खाते जोडलेले नव्हते, एवढी एक ओळ आपण सरांना लिहून दिलीत तर 'अभ्यास टाळला' असा शेरा तिच्या नावावर पडणार नाही.

उद्या, मंगळवारी, मधल्या सुट्टीत सई ओळखपत्र घेऊन संगणक कक्षात येईल. आपल्यासमोरच तिने पासवर्ड बदलून पोर्टल उघडून पाहिले आणि 'ब' चे विषय दिसले, म्हणजे दोन्ही कामे झाल्याचे तिथेच कळेल. उद्या सवड नसेल तर कधी यावे ते तिच्याजवळ तोंडी सांगितले तरी चालेल. मी स्वतः यायची गरज असल्यास बुधवारी दुपारी तीननंतर येऊ शकते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सईची आई

सोबत : (१) दोन्ही संदेशांच्या पडद्याची छायाचित्रे, छापील. (२) ओळखपत्राची छायाप्रत.

ता. क. : पत्र पाकिटात घालता घालता आजोबांनी विचारले की टॅबवर बुद्धिबळ खेळायला आता हरकत नाही ना. आपल्याकडून खाते टिकल्याचे कळेपर्यंत टॅब बंद करून माझ्या कपाटात ठेवला आहे.